जोराच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांचा वाटा कमी का होतो, आणि ईबीडी तो कसा ठरवते

प्रश्न : नवीन हॅचबॅक घेतली आहे, त्यात चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएससोबत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचे वाटप करणारी ईबीडी ही यंत्रणा आहे. शोरूममध्ये सांगितले की जोरात ब्रेक दाबला की मागच्या चाकांना ब्रेक कमी जातो. चारही चाकांना पूर्ण ब्रेक दिला तर गाडी लवकर थांबणार नाही का? गणपतीला आम्ही पाच जण सामानासकट मुंबईहून कोकणात जातो, तेव्हाही मागे कमीच ब्रेक लागतो का?

उत्तर :

टायर रस्त्याला किती धरून ठेवू शकतो हे त्या क्षणी त्याच्यावर किती भार आहे यावर ठरते, आणि जोराच्या ब्रेकमध्ये मागच्या टायरांवरचा भार बराच कमी झालेला असतो. ब्रेक कितीही ताकदवान असला तरी गाडीला थांबवणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीतूनच मिळते. त्या पकडीपेक्षा जास्त ब्रेक लावला तर चाक फिरायचे थांबते आणि टायर रस्त्यावरून फरफटत जातो. त्यामुळे चारही चाकांचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर चौघांना सारखा ब्रेक देऊन भागत नाही, ज्याच्यावर जितका भार त्याला तितका ब्रेक द्यावा लागतो.

हा भार किती सरकतो ते तुमच्या गाडीसारख्या एका गाडीवर मोजून पाहू. चालकासह वजन १,००० किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.४५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५४ सेंटिमीटर उंच, असे धरू. इंजिन पुढे असल्यामुळे गाडी उभी असताना साधारण ६०० किलो पुढच्या चाकांवर आणि ४०० किलो मागच्या चाकांवर असतात. ब्रेकचे बल जमिनीच्या पातळीवर मागे खेचते, पण गाडीचे वस्तुमान त्याच्या ५४ सेंटिमीटर वर पुढे जाऊ पाहते. या दोन्हींच्या ओढाताणीत गाडी पुढच्या चाकांवर कलंडू पाहते आणि त्या प्रमाणात मागच्या चाकांवरचा भार पुढे जातो. हिशेब सोपा आहे. वजनाला वेग घटण्याच्या दराने, म्हणजे मंदनाने, आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचे आणि चाकांमधल्या अंतराने भागायचे. कोरड्या डांबरी रस्त्यावर कडक ब्रेक मारल्यावर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट होते असे धरले, तर सुमारे १७६ किलो भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढे ७७६ आणि मागे अवघे २२४ किलो उरतात. या स्थितीत मागची दोन्ही चाके मिळून एकूण ब्रेकचा २२ टक्क्यांच्या आसपास वाटा उचलू शकतात, त्याहून अधिक नाही.

येथे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक खाली जाते, म्हणून वजन पुढे येते, असे अनेक जण मानतात आणि कडक स्प्रिंग बसवून त्यावर उपाय करायला निघतात. प्रत्यक्षात उलटे आहे. भार सरकतो म्हणून नाक खाली जाते. वरच्या हिशेबात स्प्रिंग कुठेच आलेली नाही. सस्पेन्शन दगडासारखे कडक केले तरी १७६ किलो जवळपास तितकेच राहतील.

मागच्या चाकांना पेलण्यापेक्षा थोडा जास्त ब्रेक गेला तर बिघडते काय, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे चाक लॉक होणे आणि मागचे चाक लॉक होणे यांचे परिणाम अगदी वेगळे असतात. फिरणारा टायर गाडीला आडवे सरकू देत नाही. लॉक झालेला टायर मात्र ज्या दिशेला घसरतो त्याच्या विरुद्ध दिशेनेच बल देतो आणि आडवे धरून ठेवण्याची त्याची क्षमता जवळजवळ संपते. पुढची चाके लॉक झाली तर स्टिअरिंग निकामी होते, पण मागची चाके आडवी पकड टिकवून असल्यामुळे गाडी बहुधा सरळ पुढे घसरत जाते. मागची चाके लॉक झाली तर पुढच्या चाकांची आडवी पकड शाबूत असते आणि मागची गेलेली असते. अशा वेळी रस्त्याचा थोडा उतार, पट्टीचा रंग किंवा स्टिअरिंगचा किंचित कोन एवढे निमित्तही पुरते. गाडीचा मागचा भाग बाजूला निघतो, तो जितका निघेल तितका वळवणारा जोर वाढत जातो आणि क्षणभरात गाडी आडवी होते. सामान्य चालकाला ते सावरता येत नाही. म्हणूनच एबीएस नसलेल्या प्रवासी गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमात अशी अट आहे की, मंदन गुरुत्वाकर्षणाच्या ०.१५ ते ०.८ पट असताना मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक होण्याच्या टोकाला जाता कामा नयेत.

आता तुमच्या गणपतीच्या प्रवासाकडे येऊ, कारण ईबीडीची खरी गरज तिथेच कळते. चालकाखेरीज चार माणसे आणि डिकीत ९० किलो सामान धरले तर गाडी साधारण १,३५० किलोंची होते. वाढलेल्या ३५० किलोंपैकी पुढच्या चाकांवर जेमतेम ६० किलो जातात. मागच्या सीटवरची माणसे आणि डिकीतले सामान यांचा भार मुख्यतः मागच्या चाकांवर पडतो, म्हणजे उभ्या गाडीत पुढे ६६० आणि मागे ६९० किलो. गुरुत्वमध्यही थोडा वर जातो. तो ५७ सेंटिमीटर धरू. तितक्याच जोराच्या ब्रेकमध्ये आता २५१ किलो भार पुढे सरकतो. तरीही मागे ४३९ किलो उरतात, एकट्याने चालवताना उरणाऱ्या भाराच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा भरलेल्या गाडीत मागच्या चाकांचा योग्य वाटा २२ नव्हे, साधारण साडेबत्तीस टक्के होतो. मागे ब्रेक तेव्हाही पुढच्यापेक्षा कमीच असतो, पण एकट्याने चालवतानाच्या तुलनेत पुष्कळ जास्त लागतो.

आता समजा, पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण कारखान्यात एकदाच कायमचे ठरवायचे आहे. ते एकट्या चालकाला धरून ठरवले, तर भरलेल्या गाडीत मागच्या चाकांची बरीच पकड वाया जाते. पुढची चाके ०.६६ पट मंदनालाच आपल्या मर्यादेला पोहोचतात आणि ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबायला साडेएकतीस मीटरऐवजी ३८ मीटर लागतात. हा फरक अख्ख्या गाडीच्या लांबीहून मोठा आहे. उलट प्रमाण भरलेल्या गाडीला धरून ठरवले, तर एकट्याने चालवताना मागची चाके ०.६४ पट मंदनालाच लॉक होतात, आणि त्या क्षणी पुढच्या चाकांची एक चतुर्थांशाहून अधिक पकड अजून शिल्लकच असते. पहिल्या निवडीत थांबण्याचे अंतर वाढते, दुसऱ्या निवडीत गाडी फिरते. या दोन्हींत पहिले कमी वाईट म्हणून जुन्या गाड्या त्याच बाजूला झुकवलेल्या असत.

त्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेक पाइपवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असे. ठरावीक दाबापर्यंत तो मागे पूर्ण दाब जाऊ देई आणि त्यानंतर मागचा दाब पुढच्यापेक्षा हळू वाढवी. व्हॅन, जीप आणि मालवाहू गाड्यांत याच व्हॉल्व्हला मागच्या एक्सलशी जोडलेली दांडी आणि स्प्रिंग असे. गाडी भरून खाली बसली की दांडी हलून मागे जास्त दाब सोडला जाई. कल्पना उत्तम होती. मात्र मुंबईच्या खारट हवेत आणि पावसाळी चिखलात ती दांडी गंजून एका जागी अडकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. बाहेरून काही दिसत नाही, पेडलवर काही जाणवत नाही, आणि गाडी वर्षानुवर्षे चुकीच्या प्रमाणाने ब्रेक लावत राहते.

ईबीडीने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. गाडीत किती माणसे बसली आहेत हे ती वजन करून शोधत नाही. मागच्या चाकांना ब्रेक जास्त होतोय का, हे ती थेट चाकांनाच विचारते. ब्रेक लागलेले चाक गाडीच्या वेगापेक्षा नेहमीच थोडे हळू फिरते, आणि ब्रेक पकडीच्या मर्यादेकडे जाऊ लागला की हा फरक, म्हणजे चाकाची घसरण, वाढत जातो. एबीएससाठी प्रत्येक चाकावर वेगाचा सेन्सर असतोच. तेच चार सेन्सर वापरून कंट्रोल युनिट मागच्या चाकांचा वेग पुढच्या चाकांच्या वेगाशी सतत ताडून पाहते. दोघांची घसरण जवळपास सारखी असेल तर प्रत्येक चाक आपल्या भाराच्या प्रमाणात काम करते आहे, असा त्याचा अर्थ होतो. मागची चाके पुढच्यांपेक्षा ताशी एखादा-दुसरा किलोमीटर जास्त मागे पडू लागली, तर त्यांच्या वाट्याला जास्त ब्रेक येतो आहे. भार किती, रस्ता ओला की कोरडा, टायर नवा की जुना, या सगळ्यांचा एकत्रित परिणाम त्या एका फरकात उतरलेला असतो, म्हणून युनिटला यांपैकी काहीही वेगळे मोजावे लागत नाही.

बॉनेट उघडलीत तर मास्टर सिलिंडरच्या जवळपास ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दिसेल. त्याला अनेक ब्रेक पाइप जोडलेले असतात आणि एका बाजूला मोटर व दुसऱ्या बाजूला काळा प्लास्टिकचा डबा असतो. हाच एबीएसचा मॉड्युलेटर. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन विद्युत व्हॉल्व्ह असतात. एक दाब आत येऊ देणारा, जो वीज नसताना उघडा असतो. दुसरा दाब सोडणारा, जो वीज नसताना बंद असतो. एकट्याने चालवताना ब्रेक जोराने दाबलात की सुरुवातीला पुढे आणि मागे सारखाच दाब चढतो. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा लहान असल्यामुळे सारख्या दाबावर ते एकूण ब्रेकचा साधारण साडेबत्तीस टक्के वाटा उचलतात, असे धरू. आपल्या उदाहरणात मंदन ०.३४ पटीच्या पुढे गेले, म्हणजे दाब सुमारे ३० बारच्या वर चढला, की मागची चाके आपल्या वाट्यापेक्षा जास्त काम करू लागतात. ही बाब सेन्सरच्या नजरेत येताच युनिट मागच्या चाकांचे आत येणारे व्हॉल्व्ह बंद करते. पुढचा दाब पेडलबरोबर वाढत राहतो, मागचा मात्र होता तिथे थांबतो. मागची घसरण पुन्हा कमी झाली तर व्हॉल्व्ह क्षणभर उघडून थोडा दाब आत घेतला जातो. ती वाढतच राहिली तर दुसरा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून थोडे ब्रेक ऑइल ठोकळ्यातल्या छोट्या साठवण कप्प्यात सोडले जाते. शेवटी पुढे ८० बार असताना मागे ४८ बारच्या आसपास दाब टिकवला जातो. भरलेल्या गाडीत मागची चाके मागे पडतच नाहीत, म्हणून व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि मागेही पुढच्याइतका दाब पोहोचतो. तुमच्या कोकणच्या प्रवासाचे उत्तर हेच आहे.

या कामासाठी एबीएसचा पंप बहुधा चालवावा लागत नाही, म्हणून एबीएससारखी पेडलवर थरथर येत नाही आणि आवाजही होत नाही. ईबीडी काम करते आहे हे चालकाला कळतच नाही. जे थरथरते ते एबीएस, आणि ते ईबीडीच्या नंतर, एखादे चाक प्रत्यक्ष लॉक होण्याच्या बेतात आल्यावर सुरू होते.

शोरूममधली भाषा येथे थोडी दिशाभूल करते. ईबीडी कोणत्याही चाकाला जादा ब्रेक ‘देत’ नाही. पेडलने तयार केलेल्या दाबापेक्षा जास्त दाब ती निर्माण करू शकत नाही, ती फक्त मागचा दाब अडवू किंवा घटवू शकते. त्यामुळे या गाड्यांचे मागचे ब्रेक मुळातच भरलेल्या गाडीला पुरतील इतके मोठे ठेवलेले असतात आणि एरवी त्यांना आवरण्याचे काम ईबीडी करते. याचा एक परिणाम गॅरेजमध्ये रोज दिसतो. शहरात आपण बहुतेक वेळा ०.२ ते ०.३ पट मंदनानेच थांबतो, तेव्हा ईबीडी मध्ये पडतच नाही आणि मागचे ब्रेक पूर्ण काम करतात. जुन्या गाडीच्या मानाने मागचे लायनर किंवा पॅड लवकर झिजले तर तो दोष समजू नये. पावसाळ्यात तर मागच्या चाकांचा योग्य वाटा आणखी वाढतो. ओल्या रस्त्यावर मंदनच कमी मिळते, म्हणून भार कमी सरकतो. आपल्या उदाहरणात मंदन ०.४ पट असेल तर एकट्या चालकाच्या गाडीतही मागे ३१ टक्के ब्रेक देता येतो.

ईबीडीला न दिसणारी एक गोष्ट मात्र आहे. ती फक्त मागची चाके जास्त घसरतात का हे पाहते. ती कमी काम करत असतील तर त्याचे तिला काही वाटत नाही. ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून लायनर ऑइलने भिजले, किंवा ॲडजस्टर गंजून शू ड्रमपासून लांब राहिले, तर मागची चाके मुळीच घसरत नाहीत, ईबीडी समाधानी राहते आणि कोणताही दिवा लागत नाही. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. हँडब्रेक नेहमीपेक्षा बराच वर ओढावा लागणे, पुढचे पॅड भराभर संपणे, आणि गाडी चालवून आल्यावर पुढची चाके तापलेली असताना मागचे ड्रम जवळजवळ गार असणे, ही त्याची लक्षणे आहेत. ड्रमला थेट हात लावू नका, जवळ नेला तरी अंदाज येतो. खात्रीसाठी रोलर ब्रेक टेस्टरवर गाडी चढवावी. मात्र तिथला आकडा पाहून घाबरू नये. रोलर अगदी संथ फिरतात, भार सरकत नाही आणि ईबीडीही मध्ये येत नाही. त्यामुळे मागचा वाटा रस्त्यावरच्या जोराच्या ब्रेकपेक्षा जास्त दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा. तिथे पाहायचे ते मागच्या डाव्या आणि उजव्या चाकातला फरक आणि मागे एकूण काही बल येते आहे की नाही.

ईबीडीच बंद पडली तर डॅशबोर्ड वेगळ्या पद्धतीने सांगतो. पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल, तर बहुतेक गाड्यांत एबीएस बंद असली तरी ईबीडी चालू असू शकते. पंपाची मोटर बिघडली किंवा एका चाकाचा सेन्सर गेला, तरी उरलेल्या माहितीवर मागचा दाब आवरता येतो. पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही लागून राहिला, तर ईबीडीही बंद आहे असे समजावे. अर्थात लाल दिवा हँडब्रेक थोडा ओढलेला राहिल्यामुळे किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्यामुळेही लागतो, म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण खाली करून टाकीतली पातळी पाहावी. पातळी खाली गेलेली असेल तर गाडी पुढे नेऊ नये. पातळी ठीक असूनही दोन्ही दिवे कायम असतील, तर पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, कडक ब्रेक टाळत, सावकाश गॅरेज गाठावे.

एका पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला साचलेल्या पाण्यात बराच वेळ उभी राहिलेली एक हॅचबॅक माझ्याकडे आली होती. मागच्या दोन्ही सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. त्याआधी कोणीतरी दिव्यांचा त्रास नको म्हणून एबीएसचा फ्यूजच काढून टाकला होता आणि ग्राहकाला सांगितले होते की, ‘आता ही एबीएस नसलेल्या मॉडेलसारखी झाली, ब्रेक तर लागतातच.’ हे विधान चुकीचे आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधी एकाच गाडीच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या आवृत्त्या मिळत. एबीएस नसलेल्या आवृत्तीत सहसा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असे. एबीएस असलेल्या आवृत्तीत ते काम ईबीडीकडे असल्यामुळे तो व्हॉल्व्ह बसवलेलाच नसतो. फ्यूज काढला की आत येणारे व्हॉल्व्ह कायम उघडे राहतात, मागच्या चाकांना पुढच्याइतका पूर्ण दाब जातो आणि त्याला आवरणारे काहीच उरत नाही. ती गाडी साध्या मॉडेलसारखी न होता त्याहून धोक्याची होते. शिवाय हा धोका कोरड्या रस्त्यावर जास्त असतो, कारण तिथेच भार सर्वांत जास्त पुढे सरकतो आणि मागची चाके पुढच्यांच्या फार आधी लॉक होतात. पाऊस थांबेपर्यंत जपून चालवले म्हणजे झाले, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

त्या गाडीचे कनेक्टर बदलून, फ्यूज परत बसवून, स्कॅनरने फॉल्ट कोड पुसले. त्यानंतर गाडी हळू चालवत चारही चाकांचे वेग स्क्रीनवर पाहिले. चारही आकडे शून्यापासून एकत्र वर चढले आणि सरळ रस्त्यावर जवळपास सारखे राहिले. तुमच्या गाडीत कधी सेन्सरचे काम निघाले, मागच्या चाकाचे बेअरिंग बदलले किंवा मागे वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर गॅरेजवाल्याकडून एवढे वाचन करून घ्या. टायरच्या झिजेने पडणारा किरकोळ फरक युनिट स्वतः जुळवून घेते. मात्र मागे लहान घेराचे टायर असतील तर ते मुळातच जास्त वेगाने फिरतात, त्यांची खरी घसरण युनिटला कमी दिसते आणि मागचा दाब ज्या क्षणी आवरायला हवा त्या क्षणी तो आवरला जात नाही.